जहाज दिसतं, कंटेनर दिसत नाही

"निर्यातदारांनो, आता फॉरवर्डरला फोन करत बसू नका! कंट्रोल टॉवर घ्या. कंटेनर २४ तास लाइव्ह नकाशावर दिसतो, प्रत्येक गोष्टीचा अलर्ट येतो, त्यामुळे उशीर होतच नाही. डिस्पॅचला माणूस ठेवायची गरज संपली."

हा मेसेज निफाडच्या द्राक्ष निर्यातदारांच्या ग्रुपवर फिरतोय. कंट्रोल टॉवर म्हणजे माल कुठवर पोचला ते स्क्रीनवर दाखवणारं सॉफ्टवेअर. माझ्या मामेभावाने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "दादा, मग डिस्पॅचच्या पोराला मार्चनंतर येऊ नको म्हणून सांगून टाकू का?" म्हणून हे लिहितोय, आणि जरा चिडूनच लिहितोय.

सगळ्यात घातक आहे ती नकाशाची गोष्ट. नाशिक ते न्हावा शेवा ट्रकला जीपीएस असतं, तिथवर ठीक. समुद्रात नकाशावर जो ठिपका सरकतो तो जहाजाचा असतो. जहाज आपली जागा एआयएस या रेडिओ यंत्रणेवरून सांगतं. तुमचा कंटेनर त्यावर चढलाय की नाही, हे एआयएसला माहीत नसतं. सिस्टिम बुकिंगमधलं जहाजाचं नाव घेते आणि तुमचा कंटेनर त्या ठिपक्यावर बसवून टाकते.

आता समजा कंटेनर मंगळवारी बंदराच्या गेटमधून आत गेला, म्हणजे गेट-इन झाला. जहाज भरलेलं होतं किंवा रीफरचे, म्हणजे थंड कंटेनरचे, प्लग कमी पडले, म्हणून शिपिंग लाइनने तो पुढच्या आठवड्याच्या जहाजावर ढकलला. याला रोलओव्हर म्हणतात आणि सीझनमध्ये तो होतो. बुधवारी जहाज निघालं. बुकिंग कोणी बदललं नसेल, तर स्क्रीनवर तुमची द्राक्षं रॉटरडॅमकडे निघालेली दिसतात, आणि माल मात्र न्हावा शेव्याच्या यार्डात उभा असतो. भाऊ निवांत, खरेदीदार निवांत. कळतं तेव्हा आठवडा गेलेला असतो.

हे कसं पकडायचं, ते शिपिंग लाइन्सच्या डीसीएसए या संस्थेच्या ट्रॅक अँड ट्रेस मानकातच आहे. जहाजाच्या घटना वेगळ्या आणि कंटेनरच्या वेगळ्या. जहाज निघालं ती `DEPA`, कंटेनर चढला ती `LOAD`. शिवाय प्रत्येक घटनेला शिक्का असतो: `PLN` म्हणजे ठरलेली, `EST` म्हणजे अंदाजाची, `ACT` म्हणजे खरंच घडलेली. तेव्हा नियम असा लावायचा: जहाजाची `DEPA` `ACT` झाली आणि ठरावीक तासांत कंटेनरची `LOAD` `ACT` आली नाही, तर अलर्ट. कोलंबोला ट्रान्सशिपमेंट, म्हणजे जहाज बदलणं, असेल, तर दुसऱ्या जहाजासाठीही हाच नियम. किती तास थांबायचं हे लाइनवर ठरतं, कारण नोंदी उशिरा येतात. घटना कधी घडली आणि नोंद कधी झाली यातलं अंतर आपल्याच मागच्या शिपमेंट्समध्ये बघा, आकडा मिळेल. विक्रेत्याला एवढंच विचारा: न आलेल्या नोंदीवर तुमचा अलर्ट वाजतो का?

प्रत्येक गोष्टीचा अलर्ट तर नकोच. गेट-इन झालं, जहाज निघालं, हे ठरल्याप्रमाणे घडलेलं असेल तर ती फक्त नोंद. फोन वाजायला हवा तो ठरलेलं मोडल्यावर. तापमानाचंही तसंच. रीफर डिफ्रॉस्टला गेला, म्हणजे साचलेला बर्फ वितळवू लागला, की आकडा थोडा वेळ वर जातो आणि परत खाली येतो. नुसत्या अंशांवर अलर्ट लावला तर दिवसातून अनेकदा खोटा वाजेल, आणि चार दिवसांत माणूस तो बघणं सोडेल. अंश आणि किती वेळ टिकला, दोन्ही एकत्र लावा.

उशीर होतच नाही, हे धादांत खोटं. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. कुठल्याही स्क्रीनने ते थांबवलं नाही. एवढं मात्र मान्य करतो, की उशीर लवकर कळतो, आणि नाशवंत मालात तेही थोडं नाही. फॉरवर्डरचे "साहेब, बघून सांगतो" असे निम्मे फोनही वाचतात. कंटेनर बंदराच्या गेटमधून कधी गेला, हे तर सरकारी लॉजिस्टिक्स डेटा बँकेवर कंटेनर नंबर टाकूनही बघता येतं.

आणि माणसाचं म्हणाल, तर वरच्या रोलओव्हरचा अलर्ट बुधवारी रात्री आला असं धरा. फॉरवर्डरकडून पुढच्या जहाजाची जागा लेखी घ्यायची, यार्डात कंटेनर प्लगवर आहे का आणि सेटपॉइंट, म्हणजे लावलेलं तापमान, बरोबर आहे का ते विचारायचं, कागदपत्रांतलं जहाजाचं नाव बदलून घ्यायचं, रॉटरडॅमच्या खरेदीदाराला नवीन तारीख कळवायची. हे सगळं डिस्पॅचचं पोरगंच करणार. भावाला सांगितलंय, त्याला ठेव, आणि प्रत्येक अलर्टपुढे त्याचं नाव आणि किती तासांत उत्तर हवं ते लिहून घे.