पन्नास पैशांत पान

आज सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी मोठ्या उत्साहाने फॉरवर्ड केलं: ‘थेसिस प्रिंटिंग फक्त ५० पैसे पान! हार्ड बाइंडिंग! बल्कमध्ये खास सवलत!’ खाली सतरा जणांचे अंगठे. चहा तसाच ठेवून हे लिहायला बसलेय, कारण मला आमची सुजाता आठवली.

सुजाता म्हणजे माझी मावसबहीण. बार्शीची. भूगोलात पीएच.डी. केली, तलावांवर. प्रबंध २४० पानांचा, त्यात ४० पानं रंगीत, नकाशे आणि आलेख. पुण्यात प्रिंट काढायला आली तेव्हा माझ्याकडेच उतरली होती. दोन दुकानांत चौकशी केली. पहिल्याकडे काळं पान ८० पैसे, दुसऱ्याकडे १ रुपया २० पैसे. पोरगी शिक्षकाच्या घरातली, साहजिकच पहिल्याकडे गेली. तिच्या जागी तुम्हीही तेच केलं असतंत, उगीच मान हलवू नका.

आता जरा कागद-पेन घ्या. पहिल्याकडे रंगीत पान १० रुपये आणि बाइंडिंग २५०. दुसऱ्याकडे रंगीत ६ आणि बाइंडिंग २००. म्हणजे एका कॉपीचे पहिल्याकडे १६० अधिक ४०० अधिक २५०, झाले ८१०. दुसऱ्याकडे २४० अधिक २४० अधिक २००, झाले ६८०. ज्याचा पेज रेट स्वस्त, तोच कॉपीमागे १३० रुपयांनी महाग! फलकावर काळ्या पानाचा दर ठळक लिहितात आणि रंगीतचा विचारल्याशिवाय सांगत नाहीत, ते उगीच नाही. नुसता मराठीतला, नकाशाबिकाशा नसलेला प्रबंध असेल तर ८० पैसेवाला परवडतो, हे मान्य. पण तेव्हाही बाइंडिंगचा आकडा आधी विचारा.

सुजाताचं बिल ८१० वरही थांबलं नाही. हातात आलं ते कॉपीमागे १०१२ रुपयांचं. कारण काय, तर शेवटच्या संदर्भसूचीची २२ पानं मशीनने रंगीत मोजली. त्यांत वेबसाइटच्या लिंका होत्या, निळ्या अक्षरांत, वर्ड आपोआप करतं तशा. रंगीत मशीनचं मीटर पानावर एक निळी ओळ असली तरी अख्खं पान रंगीत धरतं. दुकानदार म्हणाला, ‘मॅडम, मीटर खोटं बोलत नाही.’ मीटर नसेल बोलत हो, पण तुम्ही प्रिंट द्यायच्या आधी सांगू शकत होतात ना? रोज दहा प्रबंध छापता, तुम्हाला माहीत नव्हतं? अजून आठवलं की डोकं फिरतं.

तेव्हा दुकानात जायच्या आधी घरीच सगळ्या लिंका काळ्या करून टाका. विद्यापीठाचा रंगीत लोगो हेडरमध्ये पानोपानी टाकायची हौस असेल तर तीही आवरा. फाइल पीडीएफच न्या. वर्डची फाइल त्यांच्या कॉम्प्युटरवर उघडली की फाँट बदलतो, ओळी सरकतात आणि तुमची अनुक्रमणिका एकीकडे, प्रकरण तिसरीकडे. रंगीत पानांचे नंबर एका कागदावर लिहून द्या, म्हणजे बिलाच्या वेळी ‘मीटर’ मध्ये येत नाही.

बरं, एवढे पैसे घेऊन बाइंडिंग तरी धड करावं? बाहेरून काळं रेग्झिन, सोनेरी अक्षरं, झकास. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नकाशा नीट बघायला कॉपी जरा सपाट उघडली आणि नकाशा क्रमांक ४ सरळ त्यांच्या हातात आला. सुजाता सांगते, सरांनी तो अलगद परत आत ठेवला आणि पुढचा प्रश्न विचारला. भला माणूस.

दोष गोंदाचा होता. ‘हार्ड बाइंडिंग’ म्हणजे फक्त पुठ्ठा जाड. आत पानं कशी धरलीत ते त्या नावावरून कळत नाही. त्या दुकानाने पाठीला नुसता गरम गोंद लावला होता. साधा कागद खरखरीत असतो, गोंद त्यात मुरतो. नकाशे छापले होते गुळगुळीत चकचकीत कागदावर, त्याला गोंद नुसता वरवर चिकटतो. म्हणून आधी नकाशेच सुटतात.

नंतर त्याच कॉपी आम्ही पेठेतल्या एका जुन्या बाइंडरकडे नेल्या. अंधारी खोली, खळीचा वास, साठीपुढचे काका. त्यांनी एक कॉपी मधोमध उघडली, पाठीकडे बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘ताई, यात दोरा कुठाय?’ सुटी पानं असली की ते कडेने भोकं पाडून जाड दोऱ्याने टाके घालतात आणि मगच पुठ्ठा चढवतात. या शिलाईत डावीकडची अर्धा इंच जागा जाते, म्हणून तर डावा समास दीड इंचाचा ठेवायला सांगतात. आडवे नकाशे असतील तर त्यांचा माथा शिलाईकडे येतो, तेव्हा तिथे वरचा समास दीड इंच हवा, नाहीतर नकाशाचं शीर्षकच टाक्यात जातं. हे काकांनी सांगितलं, गाइडने नाही. शिलाईची कॉपी टेबलावर पूर्ण सपाट पडत नाही, ही तिची खोट आहे. पण पान हातात येत नाही. इतक्या निगुतीने काम करणारी माणसं अशा खोल्यांत बसलेली असतात आणि आपण त्यांच्याशी वीस रुपयांवरून घासाघीस करतो.

दुकान निवडताना एवढंच करा. त्यांनी बांधलेली जुनी कॉपी मागा, मधोमध उघडा, पाठीत दोरा दिसतो का बघा. ‘नमुना नाही’ म्हणाले तर पुढच्या दुकानात जा.

आता कुणीतरी म्हणणारच की हल्ली सगळं शोधगंगेवर चढतं, छापील कॉपी उघडतो कोण? खरंय, फारसं कुणी नाही. पण तोंडी परीक्षेच्या टेबलावर तीच असते ना!

आणि ती बल्कची सवलत. सुजाताला कॉपी हव्या होत्या सहा. दुकानदाराने गळ घातली, दहा करा, दहा टक्के सूट देतो. तिने केल्या. सूट होती फक्त काळ्या पानांवर! रंगीत नाही, बाइंडिंग नाही. दहा कॉपींवर मिळून १४२ रुपये सुटले आणि त्यासाठी चार हजारांच्या चार कॉपी जादा झाल्या. वर परीक्षकांनी दुरुस्त्या सांगितल्या, म्हणजे दहाच्या दहा जुन्या. सूट देणारा वाईट नसतो, धंदा आहे त्याचा, पण सूट कशावर ते बिलावर आधी लिहून घ्या.

आधी विद्यापीठ मागेल तेवढ्याच कॉपी काढा, साध्या बाइंडिंगच्या चालत असतील तर साध्याच. गाइडला वाचायला द्यायची ती स्पायरल करून द्या, तिथे खुशाल पन्नास पैसेवाला गाठा. शिलाई आणि सोनेरी अक्षरं तोंडी परीक्षा झाल्यावर. दुकानदाराला पहिल्याच दिवशी विचारा, ‘उरलेल्या कॉपी महिन्याभराने काढल्या तर हाच दर देणार का?’ बरेच जण हो म्हणतात. नाही म्हणाला तर राहू दे.