‘अपेक्षित पगार’ या चौकोनात काय लिहायचं?

परवा रात्री फोंड्याहून भाचीचा फोन आला. "मामा, वेर्ण्याच्या एका फार्मा कंपनीचा फॉर्म भरतेय. एक्सपेक्टेड सीटीसी विचारलंय, त्यात किती टाकू? रिकामं सोडलं तर फॉर्म पुढे सरकत नाही आणि ‘निगोशिएबल’ लिहिलं तर लाल अक्षरं येतात."

मी बरीच वर्षं कारखान्याच्या एचआरमध्ये काढली. हा चौकोन मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पाहिलेला आहे, म्हणून तिला आधी विचारलं, "तुझ्या मनात काय आहे?" तिचं उत्तर तयारच होतं. क्यूसीमध्ये, म्हणजे मालाच्या गुणवत्ता तपासणीत, तीन वर्षं झाली, हातात साधारण 26,000 येतात. 26 गुणिले 12 म्हणजे 3.12 लाख, त्यावर वीस टक्के वाढ धरून 3.75 लाख.

गुणाकार बरोबर होता, पण चौकोनात सीटीसी, म्हणजे कंपनीचा एका माणसामागे होणारा वर्षाचा एकूण खर्च, मागितला होता आणि तिने हिशेब हातात येणाऱ्या पगाराचा केला होता. आपल्याकडे दहातले आठ जण हेच करतात.

तिला पगाराची स्लिप काढायला लावली. ग्रॉस 28,000, त्यात बेसिक 14,000. पीएफचे बारा टक्के म्हणजे 1,680 कापून हातात 26,320. पण कंपनी स्वतःच्या बाजूनेही तेवढाच पीएफ भरते, शिवाय ग्रॅच्युइटीपोटी बेसिकच्या 4.81 टक्के, म्हणजे सुमारे 673 रुपये धरते. हे सगळं मिळवलं की महिन्याला 30,353 आणि वर्षाला 3.64 लाख होतात. हा तिचा आत्ताचा सीटीसी.

आता तिचे 3.75 लाख बघा. ती ज्याला वीस टक्के समजत होती ती वाढ प्रत्यक्षात तीन टक्के होती. तशाच रचनेत हातात 27,100 आले असते, म्हणजे जेमतेम पावणेआठशे जास्त. एचआरवाल्याने तो आकडा बघून खुशीत पुढे सरकवला असता. मीही सरकवले आहेत, खोटं कशाला बोलू!

म्हणून हिशेब उलट्या दिशेने करायचा. हातात किती हवेत ते आधी ठरवा. बेसिक ग्रॉसच्या निम्मं असेल आणि पीएफ पूर्ण बेसिकवर कापला जात असेल, तर हातातल्या रकमेवर साधारण पंधरा टक्के चढवले की सीटीसी निघतो. तिला 32,000 हवे होते, त्याचे वर्षाला सुमारे 4.43 लाख झाले. काही कंपन्या पीएफ 15,000 च्या मर्यादेवरच कापतात, तिथे हे प्रमाण थोडं बदलतं. सीटीसीत व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा पगाराचा भाग, घुसवलेलं असेल तर मात्र हा हिशेब कोलमडतो, कारण ती रक्कम दरमहा हातात येत नाही.

मग शून्य टाकून मोकळं का होऊ नये? बरेच जण तसा सल्ला देतात. मला तो पटत नाही. शंभर-दोनशे अर्ज आले की आम्ही आकड्यांची चाळण लावायचो, अमुक ते अमुक लाखांमधले तेवढे दाखव म्हणून. शून्यवाला त्यात गळतो, तसाच बजेटच्या फार वर गेलेलाही गळतो. (एकाने ‘लाखांत लिहा’ असं असलेल्या चौकोनात 32000 भरलं होतं. आम्ही हसलो, पण त्याला फोन काही गेला नाही.)

तेव्हा बजेटचा अंदाज हवा, आणि गोव्यात तो मिळतो. सकाळी फोंड्याला वेर्ण्याच्या बसची वाट बघत उभे असतात, त्यांच्यात कोणीतरी ओळखीचं निघतंच. "तुला किती मिळतात?" असं विचारू नका, कोणी सांगत नाही. "तीन वर्षांच्या क्यूसीवाल्याला तिथे किती देतात?" असं विचारा, लोक मोकळेपणाने सांगतात. भाचीला उत्तर मिळालं, चार ते साडेचार.

तिने 4.60 टाकले. जो आकडा लिहाल त्याच्या वर सहसा कोणी जात नाही, खाली मात्र ओढतात. म्हणून ओढायला थोडी जागा ठेवली. शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ लिहिली: ‘पाळ्या, बस आणि व्हेरिएबल समजल्यावर चर्चेस तयार.’ उद्या त्यांनी रात्रपाळी सांगितली तर आकड्याबद्दल पुन्हा बोलायला ही ओळ उपयोगी पडते. आत्ताचा सीटीसी विचारला होता तिथे 3.64 हा खराच आकडा टाकला, कारण पुढे स्लिपा मागतातच.

काल त्यांचा फोन आला. "4.60 जरा जास्त होतात, आमचं 4.30 पर्यंत आहे." म्हणजे बजेट त्यांनीच सांगून टाकलं. 4.30 चे हातात साधारण 31,000. भाची म्हणाली, मुलाखत होऊ दे, मग बोलू. आणि फोन ठेवायच्या आधी तिने विचारून घेतलं, "बस बोरी पुलावरून येते ना?"