धुऱ्याला धुरा लागला म्हणून हक्क लागत नाही

"वावर विकायचं असेल तर आधी भाऊबंद आणि धुऱ्याच्या शेजाऱ्याला विचारावंच लागते. न विचारता बाहेरच्याला विकलं तर तहसीलदाराकडे अर्ज द्या, फेरफार अडवा, बारा वर्षांत केव्हाही खरेदीखत रद्द होते."

असा मेसेज फिरतो आहे. त्यातलं आधी धुरेकऱ्याचं बघू, कारण ते लवकर आटपते. बेरारच्या 1928 च्या जमीन महसूल कायद्यात एकाच सर्व्हे नंबरातल्या सहखातेदारांना असा अग्रहक्क होता. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी तो अजून आहे, आणि सहखातेदाराच्या जागी केव्हा तरी शेजारी येऊन बसला. पण 1962 साली भाऊ राम विरुद्ध बैजनाथ सिंह या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नुसता शेजारी म्हणून मागितलेला हक्क घटनाबाह्य ठरवला, सहहिस्सेदाराचा तेवढा टिकवला. आजच्या 1966 च्या महसूल संहितेत शेजाऱ्याचा असा हक्क नाही.

मग शेजाऱ्याचं नाव निघते तरी कुठून? तुकडेबंदीच्या कायद्यातून. 2023 पासून ग्रामीण भागात जिरायत 20 गुंठे आणि बागायत 10 गुंठ्यांपेक्षा कमी क्षेत्र तुकडा समजला जातो, आणि तुकडा विकायचा तर लगतच्या जमीनधारकालाच विकता येतो. म्हणजे तुमच्या धुऱ्याला 12 गुंठे जिरायत पडून असेल तर मालकाला गावाबाहेरचं गिऱ्हाईक चालणार नाही. पण तो चारही बाजूंच्या धुरेकऱ्यांपैकी कोणालाही देईल, किंवा कोणालाच देणार नाही. 'मलाच दे, माझ्याच भावात दे' असं म्हणायचा अधिकार तुम्हाला नाही. तीन एकरांचं वावर असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

भावाबहिणीची गोष्ट मात्र खरी आहे, फक्त मेसेजमध्ये आहे तशी नाही. हिंदू वारसा कायदा, 1956 चं कलम 22 म्हणते की मृत्युपत्र न करता वारलेल्या माणसाची स्थावर मिळकत वर्ग एकच्या, म्हणजे बायको, मुलं, आई अशा जवळच्या, दोन किंवा अधिक वारसांकडे आली आणि त्यातला एक आपला हिस्सा विकू लागला, तर उरलेल्यांना तो घ्यायचा पहिला हक्क आहे. शेतजमिनीला हे लागू की नाही यावर वर्षानुवर्षे वाद चालला. 2019 मध्ये बाबू राम विरुद्ध संतोख सिंह या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लागू आहे असं सांगितलं.

समजा बापाने स्वतः घेतलेलं सहा एकर वावर आहे. बाप वारला, मृत्युपत्र नाही. मागे बायको, दोन मुलं, एक मुलगी. प्रत्येकाचा चौथा हिस्सा, म्हणजे दीड एकर. सातबाऱ्यावर चौघांची नावं सामाईक. थोरल्याने कापसाच्या व्यापाऱ्याकडून इसार घेतला, सौदा 12 लाखांचा. धाकटा म्हणतो, 7 लाखांत मला दे. कायदा त्याला 7 लाखांत देत नाही. दोघांचं जमलं नाही तर किंमत कोर्ट ठरवते, आणि ठरलेल्या किमतीला घ्यायची तयारी नसेल तर अर्जाचा खर्च धाकट्याच्याच अंगावर येतो. पुढे लग्न झालेली बहीण उभी राहिली तर? तिचा हक्क धाकट्याइतकाच आहे, आणि दोघांत जास्त रक्कम देऊ करेल त्याला जमीन मिळते. घरोघरी नेमका इथेच आवाज चढतो.

चुलतभावाला या कलमात जागा नाही. काका वारले, त्यांची मुलं वारस झाली. त्यातल्या एकाने विकलं तर हक्क त्याच्या सख्ख्या भावाबहिणींचा आणि आईचा, तुमचा नाही. वाटणी होऊन मोजणी झाली, सातबारे वेगळे झाले, तर सख्ख्यालाही दावा टिकवणं फार कठीण. सामाईक हिस्सा विकला जातो आहे, हाच त्या दाव्याचा पाया आहे.

आता तहसील. फेरफाराची नोटीस आली की पंधरा दिवसांत हरकत घेता येते, आणि ती घ्या. पण मंडळ अधिकारी कलम 22 चा निवाडा करत नाही. हरकत तक्रारीच्या नोंदवहीत जाते, आणि शेवटी त्याच्यासमोर नोंदणीकृत खरेदीखत असते. ते खत रद्द करणं तहसीलदाराच्याही हातात नाही. जमीन ज्या हद्दीत आहे तिथलं दिवाणी न्यायालय गाठावं लागते. तारखांवर तारखा पडत हरकत वर्षभर रेंगाळते आणि माणूस समजतो की आपली केस चालू आहे.

बारा वर्षांचा आकडा सगळ्यात घातक. मुदत कायद्याच्या अनुच्छेद 97 प्रमाणे अग्रहक्काच्या दाव्याला एक वर्ष मिळते. घेणाऱ्याने जमिनीचा प्रत्यक्ष ताबा घेतला त्या दिवसापासून ते मोजतात. प्रत्यक्ष ताबा देता येण्यासारखी मिळकत नसेल तर खत नोंदवल्यापासून. म्हणून व्यापाऱ्याचा ट्रॅक्टर वावरात पहिल्यांदा शिरला तो दिवस वहीत लिहून ठेवा, जमलं तर फोटो काढा. खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाकडून त्याच आठवड्यात काढा. तीत सर्व्हे नंबर, विकलेला हिस्सा आणि मोबदला असतो, आणि वकील पहिल्यांदा तीच मागतो.