आमच्या घरचा लाल दिवा

"पाच वर्षांची आहे ना? मग निळा न्या. निळा एकदम शांत असतो," असं इलेक्ट्रिकच्या दुकानातला माणूस म्हणाला आणि मी दीडशे रुपये मोजून चंद्रकोरीच्या आकाराचा निळा नाइट लॅम्प घेऊन आलो. मनूला नुकतीच वेगळी खोली दिली होती. काळोखाची भीती तिची आणि दिव्याची खरेदी माझी, अशी कामाची वाटणी झाली होती.

दिवा लावला आणि खोलीचं मत्स्यालय झालं. मी स्वतःवरच खूश होतो. पावणेअकराला डोकावलो, तर मनू पलंगावर मांडी घालून बसलेली. "बाबा, मासे डोळे मिटतात का?" पुढच्या रात्री ऑक्टोपसची चौकशी झाली. चौथ्या रात्री तिने देवमाशाला टॉन्सिल्स असतात का ते विचारलं, तेव्हा मी हार मानून मेव्हणीला फोन लावला. ती डोळ्यांची डॉक्टर आहे, आणि माझी अक्कल काढायची संधी सहसा दवडत नाही.

"भाऊजी, तुम्ही पोरीच्या उशाशी सकाळचं आकाश टांगलंय," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं ते असं. डोळ्याच्या पडद्यावर बघण्याच्या पेशींखेरीज आणखी थोड्या पेशी असतात. त्यांना आकार, चेहरे यांच्याशी फारसं देणंघेणं नसतं. बाहेर दिवस आहे की रात्र, एवढी खबर मेंदूला पोचवायची, हे त्यांचं मुख्य काम. त्या सगळ्यात जास्त चेकाळतात ते ४८० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे नेमक्या आकाशी निळ्यावर. त्या चेकाळल्या की झोपेची वर्दी देणारं मेलाटोनिन रोखलं जातं. लाल उजेड त्यांच्या खिजगणतीत नसतो. त्यात लहान मुलांच्या बाहुल्या मोठ्या आणि डोळ्यातलं भिंग स्वच्छ, त्यामुळे आपल्याला मिणमिणता वाटणारा दिवाही त्यांच्या आत भरपूर जातो. निळा शांत असतो हे दुकानदाराच्या मनाला ठाऊक होतं, मनूच्या डोळ्यांना कुणी कळवलं नव्हतं.

निळी चंद्रकोर माळ्यावर गेली. तिच्या जागी मी लाल प्लॅस्टिकचा हत्ती आणला. मनू आता मासे सोडून हत्तींबद्दल विचारू लागली, पण वेळ तीच, पावणेअकरा.

"सीडी आहे का घरात?" मेव्हणीने विचारलं. घरात एकच सीडी होती, आमच्या लग्नाची. बारा वर्षांत कुणी पाहिली नव्हती. तिची चकचकीत बाजू दिव्यासमोर तिरकी धरायची आणि उमटणारे रंगांचे पट्टे बघायचे. हत्ती लावला, सीडी धरली. लाल पट्टा दिसला, त्याच्या शेजारी थोडा हिरवा, आणि पलीकडे चोरासारखा उभा असलेला निळा. कारण हत्तीच्या पोटात पांढरा एलईडी होता. आणि पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळाच दिवा. त्याच्यावर पिवळट लेप असतो, तो थोडा निळा उजेड गिळून पिवळा-लाल बाहेर टाकतो, आणि सगळं मिळून आपल्याला पांढरं दिसतं. वर स्वस्तातलं पातळ लाल प्लॅस्टिक चढवलं तरी थोडा निळा गळतोच. 'वॉर्म' म्हणून विकला जाणारा पिवळसर दिवाही मी तपासला. त्यात निळा कमी होता, पण होता. लग्नाच्या सीडीचा आम्हाला झालेला हा पहिला उपयोग.

इथे आईने तोंड उघडलं. "आमच्या देवघरात झिरोचा लाल बल्ब होता. तू त्याच्या उजेडात ढाराढूर झोपायचास."

झिरोचा बल्ब हा एक स्वतंत्र विनोद आहे. तो शून्य वॅटचा कधीच नव्हता, बारा-पंधरा वॅट खायचा. पण जुन्या मीटरला एवढीशी वीज कळायची नाही, म्हणून तो शून्य. आजीच्या हिशेबात चोरून खाल्लेला लाडू जसा शून्य, तसा. आता खरोखरच अर्ध्या वॅटचे एलईडी मिळतात. फक्त आतला एलईडीच लाल हवा, नुसतं टोपण नको. मी सीडी काखोटीला मारून दुकानात गेलो. दुकानदाराने माझ्याकडे कसं पाहिलं ते इथे लिहीत नाही. पाचवा दिवा लावला तेव्हा सीडीवर फक्त एक लाल फरांटा उमटला. तो घेतला.

तरी मनू जागीच. पलंगाजवळचा प्लग बरोबर तिच्या नजरेसमोर होता आणि दिवा थेट डोळ्यांत घुसत होता. रंग कितीही सोज्वळ असला तरी डोळ्यांवर बॅटरी मारली तर कोण झोपेल? मग मी स्वतः तिच्या उशीवर डोकं ठेवून पडलो. (बायकोने फोटो काढलाय.) नियम असा निघाला की उशीवरून दिवा दिसता कामा नये, जमिनीवर पडलेला त्याचा उजेड तेवढा दिसावा. शेवटी दिवा पॅसेजमध्ये, चपलांच्या कपाटामागच्या जमिनीलगतच्या प्लगला गेला आणि मनूचं दार अर्धवट उघडं राहिलं. दहा मिनिटांनी डोळे सरावल्यावर दाराची चौकट आणि स्लिपर दिसल्या की पुरे. वर्तमानपत्राचा मथळा वाचता आला तर दिवा जास्त आहे.

त्या रात्री ती साडेनऊला झोपली.

दोन वाजता किंकाळी. आई पाणी प्यायला उठली होती आणि तेवढ्यात मनूही बाथरूमला निघाली होती. "आजीचं कुंकू गेलं!" लाल उजेडात कातडीही लाल उजेडच परतवते आणि कुंकूही. दोन्ही सारखीच दिसतात आणि कुंकू कपाळात विरघळून जातं. आईने कपाळ चाचपलं, कुंकू जागेवर होतं, पण तिलाही चार क्षण धसकाच बसला. मग खात्री पटवायला तिने बाथरूमची ट्यूब लावली. पांढरीफटक, ६५०० केल्विनची, भरदुपारच्या जातीची. मनूने डोळे चोळले आणि विचारलं, "आजी, हत्तीला कुंकू लावतात का?"

दुसऱ्या दिवशी बाथरूममध्येही जमिनीलगत तसलाच दिवा बसला. ट्यूबच्या बटणावर बायकोने चिकटपट्टी मारली. मनू आणि आई, दोघींनाही आता झोप लागते.

एकच त्रास उरला. पॅसेजमध्ये कॅलेंडर आहे. परवा रात्री झोपताना उद्या काय आहे ते बघायला गेलो. तेरा, चौदा, मग रिकामा चौकोन. रिकामा म्हणजे काही विशेष नसणार, असं म्हणून साडेपाचचा गजर लावला. सकाळी डबा भरला, वेणी घातली, मनूला युनिफॉर्म चढवून गेटवर उभा राहिलो. सात वाजले. वॉचमन झेंड्याची दोरी ओढून बघत होता. "साहेब, आज पंधरा ऑगस्ट. स्कूलबस कुठली यायला?"

सुट्टीची तारीख लाल शाईत छापतात, हे मला तेव्हा आठवलं. मी तिथेच पायरीवर बसलो. मनू ताजीतवानी होती. तिची झोप पूर्ण झाली होती.