५५५ चं गणित आणि मिनिटाला ५२ झबके

मागच्या पोस्टमध्ये ५५५ टायमर आयसीने एलईडी लुकलुकवायचं सर्किट आणि झबक्यांचं सूत्र दिलं होतं. त्यावर आलेली प्रतिक्रिया: "सर, सूत्र चुकीचं आहे. R1 आणि R2 दोन्ही ४७ के, कपॅसिटर १० मायक्रोफॅरड, सप्लाय ९ व्होल्ट. तुमच्या हिशेबाने मिनिटाला ६१ झबके यायला हवेत, मी मोजले तर ५२. वर दोन्ही रेझिस्टर सारखे असूनही एलईडी जास्त वेळ पेटलेला राहतो. ५०-५० कुठे गेलं? पोस्ट टाकण्याआधी जोडून बघत चला."

आधी ५०-५० बघू. कपॅसिटर भरतो तो R1 आणि R2 दोन्हींतून, पण रिकामा होतो फक्त R2 मधून, ७ नंबरच्या पिनकडे. म्हणून

```
T_on  = 0.693 × (R1 + R2) × C
T_off = 0.693 × R2 × C
```

तुमच्या आकड्यांनी एलईडी ०.६५ सेकंद पेटलेला आणि ०.३३ सेकंद विझलेला, म्हणजे पेटलेल्या वेळेचा वाटा, अर्थात ड्यूटी सायकल, ६७ टक्के. सर्किट अगदी बरोबर वागतंय. ५०च्या जवळ यायचं तर R1 लहान करा: R1 १ के, R2 ६८ के घेतले की ड्यूटी ५०.४ टक्के येते आणि वेग जवळपास तोच राहतो. R1 काढून तिथे सरळ वायर मात्र लावू नका. ७ नंबरची पिन थेट सप्लायला जोडली जाते आणि आतला ट्रान्झिस्टर जळतो.

आता ५२ झबके. एका झबक्याला १.१५ सेकंद, म्हणजे कपॅसिटर १० नसून ११.८ मायक्रोफॅरडचा असल्यासारखा वागतोय. इलेक्ट्रोलिटिकला ±२० टक्के सूट सर्रास असते, तेव्हा दुकानदारानेही फसवलेलं नाही. सप्लायला दोष देऊ नका. भरण्याच्या-रिकामं होण्याच्या मर्यादा सप्लायच्या एक आणि दोन तृतीयांशावर असल्यामुळे व्होल्टेज हिशेबातून उडून जातं.

खात्री करायची तर मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि पेटलेल्या-विझलेल्या वेळांच्या फ्रेम मोजा. पहिला झबका सोडून द्या, तो शून्य व्होल्टपासून भरत असल्याने लांबतोच. गुणोत्तर २:१ असेल तर रेझिस्टर ठीक, फक्त कपॅसिटरची किंमत जास्त. पेटलेला वेळ दुपटीहून स्पष्ट जास्त निघाला तर कपॅसिटर बहुधा गळतोय: गळतीमुळे भरायला उशीर लागतो आणि रिकामं व्हायला मदत होते. रेझिस्टरही एकदा मीटरवर बघून घ्या.

सगळ्यात सोपं म्हणजे दोन्ही रेझिस्टर ४७० के आणि १ मायक्रोफॅरडचा पॉलिस्टर कपॅसिटर लावा. गुणाकार तोच, गळती नगण्य, आणि आकडा ६१च्या बराच जवळ यावा.

५०-५० साठी R2 ला समांतर डायोड लावायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. चालतो, पण त्याच्या ०.६ व्होल्टमुळे भरतानाचा ०.६९३ हा आकडा ९ व्होल्टला साधारण ०.८१ होतो आणि ५ व्होल्टला ०.९४. मग मात्र सप्लाय बदलला की झबकेही बदलतात.