कोर्टात केस आहे म्हणून तरतूद नको?

«केस कोर्टात आहे तोपर्यंत कंपनीवर कसलंही देणं नसतं. ती फक्त आकस्मिक देयता, म्हणजे पुढे आलं तर येईल असं देणं; हिशेबाच्या टिपांमध्ये एक ओळ दिली की पुरे. रक्कमही नक्की नसते. तरतूद करायची ती निकाल लागेल त्या वर्षी. आधी केली तर आपणच चूक कबूल केल्यासारखं होतं.»

केस चालू आहे की संपली, हा प्रश्न इंड-एएस ३७ हे हिशेबाचं मानक विचारतच नाही. छोट्या कंपन्यांना लागू असलेलं एएस २९ मानकही विचारत नाही. प्रश्न तीन आहेत. मागे घडून गेलेल्या घटनेमुळे आज आपल्यावर बंधन आहे का? त्यासाठी पैसे जाण्याची शक्यता न जाण्यापेक्षा जास्त आहे का? आणि रकमेचा भरवशाचा अंदाज बांधता येतो का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर नुकसान नफा-तोट्यात घ्यावंच लागतं. शक्यता आहे पण निम्म्याहून कमी, अशा वेळी ते टिपांमध्ये दाखवायचं. अगदीच दूरची शक्यता असेल तर टीपही लागत नाही.

समजा, एका कारखान्याने डिसेंबरमध्ये पुरवलेले सुटे भाग सदोष निघाले आणि ग्राहकाने ५० लाखांचा दावा लावला. ३१ मार्चला केस चालूच आहे. वकिलांचं लेखी मत असं की हरण्याची शक्यता जास्त आहे, आणि कोर्ट बहुधा ३० लाख द्यायला लावेल. बंधन निर्माण झालं ते माल दिला तेव्हा. कोर्ट फक्त त्यावर शिक्कामोर्तब करणार आहे. म्हणून ३० लाखांचा खर्च नावे आणि तरतूद जमा, त्याच वर्षी. उरलेल्या २० लाखांची शक्यता निम्म्याहून कमी पण नगण्य नाही, तर ते टिपांमध्ये जातात. विमा कंपनी यातले १० लाख देईल असं वाटतं म्हणून तरतूद २० लाखांवर आणता येत नाही. ती भरपाई मिळणं जवळपास निश्चित असेल तेव्हाच मालमत्ता म्हणून वेगळी दाखवायची.

रक्कम नक्की नसणं तर तरतुदीच्या व्याख्येतच आहे. वेळ किंवा रक्कम अनिश्चित असलेलं देणं म्हणजे तरतूद. वॉरंटीचं उदाहरण घ्या. १०,००० पंप विकले. अनुभव सांगतो की ९ टक्क्यांना ४०० रुपयांची किरकोळ दुरुस्ती लागते आणि १ टक्क्याला ३,००० रुपयांची मोठी. ९०० पंपांचे ३.६ लाख, १०० पंपांचे ३ लाख, म्हणून तरतूद ६.६ लाख. कोणता पंप बिघडेल हे कुणालाच माहीत नाही, तरी आकडा निघतो. अंदाजच बांधता येत नाही ही सबब मानक अत्यंत विरळ प्रसंगीच मान्य करतं.

निकालाच्या वर्षाबद्दलचा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो, आणि दूरसंचार कंपन्यांच्या एजीआर म्हणजे समायोजित सकल महसुलाच्या प्रकरणात त्याचं उत्तर स्पष्ट दिसतं. परवाना शुल्क मोजताना व्याज, लाभांश यांसारखं उत्पन्न धरायचं की नाही, हा वाद वर्षानुवर्षं चालला. २०१५ मध्ये दूरसंचार लवादाचा निकाल बऱ्याच अंशी कंपन्यांच्या बाजूने गेला, त्यामुळे वादातली मोठी रक्कम टिपांमध्ये राहण्याला तेव्हा आधार होता. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सरकारच्या बाजूने निकाल दिला. तिमाही तर ३० सप्टेंबरलाच संपली होती! पण हिशेब अजून मंजूर व्हायचे होते. ताळेबंदाच्या तारखेनंतर पण मंजुरीआधी आलेला निकाल त्या तारखेला बंधन होतंच हे सिद्ध करत असेल, तर तो त्याच हिशेबात घ्यावा लागतो. म्हणून १४ नोव्हेंबरला जाहीर झालेल्या सप्टेंबर तिमाहीतच व्होडाफोन आयडियाने यापोटी सुमारे २५,७०० कोटी खर्ची टाकले. एकूण तोटा ५०,९०० कोटींवर गेला.

कबुलीच्या भीतीचं म्हणाल तर ती समजण्यासारखी आहे, आणि मानकानेही ती ओळखली आहे. तपशील उघड केल्याने वादात गंभीर नुकसान होणार असेल, तर अगदी विरळ प्रसंगी तो वगळता येतो; मात्र वादाचं सर्वसाधारण स्वरूप आणि तपशील न देण्याचं कारण द्यावंच लागतं. ही सूट तपशिलापुरती आहे. रक्कम हिशेबात घेण्यातून सुटका नाही.

वार्षिक अहवालात ‘कंपनीने देणं म्हणून मान्य न केलेले दावे’ ही ओळ शोधा आणि तिथला आकडा कंपनीच्या निव्वळ मूल्याशी ताडून पाहा. मग त्या दाव्यांत खालच्या कोर्टाचे निकाल कुणाच्या बाजूने गेलेत ते वाचा. दोन ठिकाणी हरूनही कंपनी तरतूद शून्य दाखवत असेल, तर त्यामागचा कायदेशीर आधार काय, हे वार्षिक सभेत नेमकं विचारा.