भूगोलाच्या पीपीटीबद्दलच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

⭐ "२८ स्लाइड्सची भूगोलाची पीपीटी करून घेतली. दुकानात स्क्रीनवर छान दिसत होती, वर्गात लावली तर सगळे नकाशे धूसर, नद्यांची नावं पहिल्या बाकावरून पण वाचता येईनात. मी स्कॅन ३०० डीपीआयचे दिले होते आणि आमचा प्रोजेक्टर फुल एचडी आहे, म्हणजे चूक यांचीच. पैसे वाया."

मॅडम नमस्कार. उत्तर द्यायला चार दिवस लागले कारण आधी तुमची फाइल उघडून नीट बघायची होती, नुसतं सॉरी लिहून विषय संपवायचा नव्हता. एक चूक सरळसरळ आमची आहे, ती आधी सांगतो.

स्लाइड १२ वरचा महाराष्ट्राचा मोठा नकाशा. आमच्या मुलाने सुरुवातीला अनुक्रमणिकेची स्लाइड केली, त्यात सगळे नकाशे दीड-दीड इंचाचे छोटे छोटे लावले, फाइल सेव्ह करून जेवायला गेला आणि आल्यावर त्यातलाच एक कॉपी करून स्लाइड १२ वर ओढून आठ इंच रुंद केला. आता गंमत अशी की पॉवरपॉइंट सेव्ह करताना फोटो त्या वेळी जेवढा दिसतोय त्या मापाला आटवतं. आमच्याकडे ते इंचाला २२० पिक्सेलवर सेट होतं, म्हणजे दीड इंचाच्या फोटोत उरले ३३० पिक्सेल. तुमचा मूळ स्कॅन २४०० पिक्सेल रुंद होता, बाकीचे सगळे गेले, आणि एकदा गेले की फोटो कितीही ओढा परत येत नाहीत. मी फाइलची कॉपी घेऊन शेवटचं .pptx काढून .zip केलं, आत ppt मध्ये media नावाचं फोल्डर असतं त्यात फोटो जसेच्या तसे दिसतात, तिथे तो नकाशा खरंच ३३० चाच निघाला. दुकानात आमच्या लक्षात का आलं नाही, तर आम्ही तुम्हाला एडिटिंगच्या खिडकीतच दाखवला, तिथे स्लाइड अर्ध्या स्क्रीनएवढी असते आणि लहान आकारात सगळंच बरं दिसतं. F5 दाबून पूर्ण स्क्रीनवर दाखवायला हवं होतं. ही चूक माझी, दुकान माझं आहे.

आता नवीन फाइल घेतली की पहिलं काम File, Options, Advanced मध्ये जाऊन Do not compress images in file वर टिक. हे त्या त्या फाइलपुरतं असतं, त्यामुळे दरवेळी बघावं लागतं. फाइल जड होते, होऊदे, पेनड्राइव्हला काय फरक पडतो.

पण मॅडम बाकीच्या नकाशांचं दुखणं वेगळं आहे आणि ते स्कॅन ६०० डीपीआयचे दिले असते तरी बरं झालं नसतं. तुम्ही रिव्ह्यूत वर्गाचा फोटो टाकलाय ना, त्यात वरचं 'गोदावरी खोरे' हे हेडिंग बघा, अगदी कोरीव दिसतंय. ते आम्ही टाइप केलेलं आहे. टाइप केलेलं स्वच्छ आणि चित्र धूसर म्हणजे फोकस, केबल वगैरे ठीक आहे, घोळ चित्रात किंवा मांडणीत आहे. (दोन्ही धूसर असतं तर मी आधी प्रोजेक्टरची रिंग फिरवायला सांगितलं असतं.)

तुम्ही फोनवर प्रोजेक्टरच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर दिलात, त्यावरून बघितलं, त्याचं स्वतःचं रिझोल्यूशन १२८० बाय ८०० आहे. खोक्यावर फुल एचडी लिहिलेलं असतं त्याचा अर्थ फुल एचडी सिग्नल तो घेतो, पण भिंतीवर टाकताना आपल्या १२८० मध्येच बसवतो. बरेच जण यात फसतात, मीही पहिला प्रोजेक्टर घेताना फसलोय.

आता स्लाइड १३.३३ इंच रुंद असते आणि ती या १२८० मध्ये बसते, म्हणजे स्लाइडच्या एका इंचाला भिंतीवर साधारण ९६ पिक्सेल मिळतात. एवढा एकच आकडा धरा. तुमच्या सांगण्यावरून स्लाइड १५ वर आम्ही चार नकाशे बसवले, प्रत्येक साडेतीन इंच रुंद, म्हणजे प्रत्येकाला ३३६ पिक्सेल. तुमच्या स्कॅनमध्ये 'प्रवरा' हे अक्षर ३० पिक्सेल उंच आहे, छान वाचता येतं. पण २४०० चं ३३६ झालं की ते ३० चं चार होतं. चार पिक्सेलमध्ये प्र चा रफार की रकार, मांजरा वरचा अनुस्वार, काहीच बसत नाही, नुसता काळा ठिपका उरतो. तोच नकाशा एकट्याने आठ इंच केला तरी अक्षर दहा पिक्सेलपर्यंतच जातं, शेवटच्या बाकावरच्या पोराला ते पण दिसणार नाही. स्कॅनमध्ये पिक्सेल भरपूर आहेत हो, भिंतीवर नाहीत. पुस्तकातला नकाशा हातभर अंतरावरून वाचायला काढलेला असतो.

आणि डीपीआयचं म्हणाल तर तो आकडा कागदावर छापताना कामाचा. पडद्यासाठी चित्र किती पिक्सेल रुंद आहे एवढंच बघायचं. तुमच्या प्रोजेक्टरला आठ इंचाच्या चित्रासाठी ७६८ पुरतात, आम्ही दीडपट ठेवतो कारण उद्या शाळेत चांगला प्रोजेक्टर आला तर.

मग उपाय काय, तर मी स्लाइड १५ पुन्हा करून बघितली. चार नकाशांच्या चार स्लाइड्स केल्या, एका स्लाइडला एकच नकाशा, स्कॅनमधली सगळी बारीक नावं पुसली, आणि त्या तासाला लागणारी सहाच नावं वरून टाइप केली, २४ पॉइंटमध्ये. टाइप केलेलं अक्षर हे चित्र नसतं, पॉवरपॉइंट ते प्रोजेक्टरच्या मापाने नव्याने काढतं, त्यामुळे २४ पॉइंटच्या ओळीला साधारण ३२ पिक्सेल मिळतात. कुठे चार, कुठे बत्तीस. नद्यांच्या निळ्या रेघा केसासारख्या होत्या त्यापण वरून जाड गिरवल्या, आणि नकाशा जेपीजीऐवजी पीएनजी केला कारण जेपीजीत अक्षरांभोवती आणि रेघांभोवती मळकट ठिपके येतात. फोटोंना, म्हणजे धरण, काळी माती वगैरे, जेपीजीच ठेवलंय, तिथे ते दिसत नाहीत.

स्लाइड्स २८ च्या ४१ झाल्या. तुम्ही आधी "स्लाइड कमी ठेवा" म्हणाला होतात म्हणून चार-चार बसवले, तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं. गिऱ्हाइकाला नाही म्हणायला जीभ वळत नाही हा आमचा जुना आजार.

जाता जाता, तुमचे तीन नकाशे व्हॉट्सॲपवर साधे फोटो म्हणून आले होते, ते तिथेच लहान झाले. तेवढे तीन कृपया परत पाठवा, डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे मूळ फाइल येते.

नवीन फाइल तयार आहे, पैसे काही नाहीत. शनिवारी शाळा सुटल्यावर मी पेनड्राइव्ह घेऊन वर्गातच येतो, तुमच्याच प्रोजेक्टरवर लावू, मी शेवटच्या बाकावर बसतो आणि मला 'मांजरा' वाचता आलं नाही तर ती स्लाइड तिथेच बदलून देतो.